कथास्पर्धा, '८७ टक्के यंत्रलिखित' आणि वॉटरमार्क: जाणकारांनी मार्गदर्शन करावे

ओवीकर

आमच्या मंडळाचा छोटासा दिवाळी अंक निघतो. यंदा कथास्पर्धेला १४० कथा आल्या. परीक्षक तिघे आहेत. त्यातल्या एकांनी कोणाला न विचारता सगळ्या कथा कुठल्याशा फुकटच्या संकेतस्थळावर टाकल्या आणि १७ कथांवर लाल शेरा मारून यादी माझ्या हातात ठेवली. म्हणे या बाद करा, यंत्राने लिहिल्यात.

त्या १७ मध्ये एक कथा निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंची आहे, '८७ टक्के यंत्रलिखित'. बाई गेली सहा वर्षं आमच्याकडे लिहितात. शैली तीच, सासर-माहेर-आंबराई. आता हे ८७ नेमकं कशाचं, ते मला कोणी सांगेल का? ८७ टक्के शब्द यंत्राचे, की ८७ टक्के खात्री?

दुसरं असं की या कंपन्या आपल्या मजकुरात वॉटरमार्क घालतात असं वाचलं. मग तोच तपासला की प्रश्न मिटत नाही का? तो आपल्याला कसा दिसेल?

---

खडूस परीक्षक

ताई, संकेतस्थळं कशाला हवीत? २५ वर्षं निबंध तपासलेत, दोन परिच्छेदांत कळतं. 'केवळ पाऊस नव्हे, तर आठवणींचा पाऊस' असली वाक्यं, सगळे परिच्छेद एका मापाचे आणि शेवटी सुविचार. डोळे मिटून बाद करा.

---

बिनधास्त बंड्या

सर, मग माझे दहावीचे सगळे निबंध यंत्राने लिहिले होते. 'पाऊस नसता तर' चा शेवट सुविचाराने केला नाही तर बाई दोन मार्क कापायच्या. 😀

---

मोडीवाचक

वॉटरमार्क उत्तम दिसतो. कागद खिडकीशी उजेडात धरायचा. जुन्या दप्तरांत विलायती कागद असला की गिरणीचं नाव सापडतं, कधी साल पण. पत्रावर १८१० लिहिलंय आणि कागदातलं साल १८२२, म्हणजे नक्कल नंतरची, हे आम्ही असंच ठरवतो. तुमच्या कथा हस्तलिखित आल्यात का?

---

ओवीकर

काका, सगळ्या ईमेलने आल्यात. कागदच नाही.

---

सांख्य

भाषा-तंत्रज्ञानात काम करतो म्हणून लिहितो. मोडीवाचक काकांचं उदाहरण मला पुढे लागणार आहे, ते असू द्या.

ओवीकर ताई, तुमच्या दोन प्रश्नांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या परीक्षकांनी वापरलं ते वॉटरमार्क शोधत नाही. ते अंदाज बांधतं. एखादं भाषेचं मॉडेल घ्यायचं आणि कथेतला प्रत्येक पुढचा शब्द त्याला किती अपेक्षित वाटतो ते मोजायचं. सगळेच शब्द अपेक्षित निघाले तर 'यंत्र', मधूनमधून चकित करणारे आले तर 'माणूस'. काही साधनं नमुने दाखवून शिकवलेला वर्गीकारक वापरतात, पण आत साधारण हीच चव असते. ८७ हा त्या साधनाने स्वतःला दिलेला गुण आहे. ते ८७ टक्के शब्दही नव्हेत आणि 'शंभरातल्या ८७ वेळा खरं' असंही नव्हे. तसं म्हणण्यासाठी ते साधन मराठी कथांवर तपासून पाहिलेलं असायला हवं.

ही पद्धत किती चुकते? ओपनएआयने स्वतः असं साधन जानेवारी २०२३ मध्ये काढलं होतं. त्यांच्याच आकड्यांनुसार इंग्रजीत यंत्रलिखित मजकुरापैकी फक्त २६ टक्के त्याला पकडता आला, आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर त्याने खोटा आळ घेतला. जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून त्यांनी ते बंद केलं.

हेच आकडे तुमच्या स्पर्धेला लावू. समजा १४० पैकी २० कथा खरंच यंत्राच्या आहेत. त्यातल्या पाचेक सापडतील. उरलेल्या १२० माणसांच्या, त्यांचे ९ टक्के म्हणजे अकराजण. एकूण १६ जणांवर शेरा आणि त्यात अकरा निर्दोष. तुमच्याकडे १७ निघाल्या हा योगायोग आहे, त्यावरून काही ठरवू नका. पण यादी लांब असली म्हणजे बरेच चोर सापडले, असा अर्थ निघत नाही हे लक्षात यावं म्हणून सांगितलं.

---

खडूस परीक्षक

म्हणजे १५ यंत्रं निसटली, अकरा माणसं अडकली. यापेक्षा मी बरा.

---

सांख्य

सर, तुमचा ९ टक्क्यांचा आकडा कधी कोणी मोजलाय का? तुम्ही बाद केलेल्या कथेचा लेखक भांडायला आला तरच तुम्हाला चूक कळणार. बहुतेक येत नाहीत.

---

हॅम्बुर्गवाली

आमच्या घरात हे घडलंय. माझ्या भाच्याने इथल्या मास्टर्ससाठी इंग्रजीत प्रबंध दिला. मार्गदर्शकांनी असंच काहीतरी चालवलं आणि बोलावून घेतलं. पोराचं इंग्रजी म्हणजे आपलं मराठी माध्यमातलं, पाठ केलेलं. छोटी वाक्यं, ठरावीक शब्द, 'फर्स्टली', 'सेकंडली'. दोन आठवडे झोप नाही. शेवटी त्याने फाईलच्या जुन्या आवृत्त्या तारखेसकट दाखवल्या तेव्हा सुटला. तिथल्या जर्मन मुलाचं मात्र एकही पान अडकलं नाही!

---

सांख्य

हॅम्बुर्गवाली, हे अपवादात्मक नाही. स्टॅनफर्डच्या गटाने २०२३ मध्ये ९१ टोफेल निबंध सात साधनांवर टाकले होते. सगळे परभाषिक माणसांनी लिहिलेले. सरासरी ६१ टक्के निबंध 'यंत्राचे' ठरले. अमेरिकी आठवीच्या मुलांचे निबंध जवळजवळ सगळे सुटले. शिकलेल्या भाषेत माणूस जपून चालतो, खात्रीचे शब्द वापरतो, म्हणून पुढचा शब्द ओळखणं सोपं जातं. साधन नेमकं तेच मोजतं.

उलट बाजूची गंमत म्हणजे अमेरिकेची राज्यघटनाही अशा साधनांनी यंत्रलिखित ठरवली होती. मॉडेलने ती शिकताना इतक्यांदा वाचलेली असते की तिच्यातला कुठलाच शब्द त्याला चकित करत नाही.

---

बाराखडी

तुम्ही सगळे साधी गोष्ट विसरताय. वॉटरमार्क म्हणजे अदृश्य अक्षरं. मजकुरात शून्य रुंदीची चिन्हं पेरलेली असतात, U+200B, U+200D वगैरे. चॅटजीपीटीच्या काही मजकुरांत U+202F ही अरुंद मोकळी जागा पण सापडली होती. मी ताईंकडून तीन कथा व्यनिने मागवून तपासल्या. शिक्षिका बाईंच्या कथेत U+200D तब्बल ४१ वेळा! बाकी दोन्हींत शून्य. मला वाईट वाटतंय, पण पुरावा समोर आहे.

---

ओवीकर

अरे बापरे. ४१?

---

सांख्य

बाराखडी, घाई नको. ती ४१ ठिकाणं कुठल्या शब्दांत आहेत ते बघून सांगाल का?

---

बाराखडी

दुसर्‍या, वार्‍यावर, सार्‍यांनी, पायर्‍या, पुन्हा दुसर्‍या... ओह.

---

सांख्य

तेच. हा आपला मराठीचा अर्धा र. 'दुसऱ्या'मधला र्‍ दोन तऱ्हेने टंकता येतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे U+200D. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जुने कीबोर्ड आणि जुन्या सवयीची माणसं दुसरी पद्धत वापरतात. तुम्हाला सापडली ती बाईंच्या कीबोर्डाची खूण. 'अदृश्य चिन्ह दिसलं की बाद' असा नियम केला तर अस्सल मराठी टंकणारेच आधी जातील.

तुमचं अर्धं बरोबर आहे. अशी चिन्हं पेरून खूण करता येते आणि कोणी तसं करतही असेल. पण शोधा-आणि-बदला केलं की ती एका क्षणात जाते. U+202F चं म्हणाल तर ती मॉडेलला लागलेली सवय दिसते, ठरवून घातलेली खूण नव्हे. ज्याला संशोधक वॉटरमार्क म्हणतात तो अक्षरांत लपलेला नसतो, तो शब्दांच्या निवडीत असतो. संध्याकाळी लिहितो.

---

सांख्य

मेरीलँड विद्यापीठातल्या गटाने २०२३ मध्ये मांडलेली पद्धत समजायला सगळ्यांत सोपी आहे, तीच घेतो.

मॉडेल एका वेळी एक तुकडा लिहितं, त्याला टोकन म्हणतात. कधी ते अख्खा शब्द असतं, कधी शब्दाचा भाग. प्रत्येक पायरीला त्याच्यासमोर बरेच पर्याय असतात. 'आंबराईत सावली' यापुढे 'पडली', 'पसरली', 'उतरली', 'दाटली', काहीही चालेल. आता मागचं टोकन आणि एक गुप्त किल्ली यांतून एक संख्या काढायची. त्या संख्येने सगळ्या शब्दसंग्रहाचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग करायचे, हिरवा आणि लाल. मग हिरव्या पर्यायांचं पारडं किंचित जड करायचं. 'पसरली' आणि 'उतरली' हिरवे निघाले तर मॉडेल त्यांतलं एखादं घेण्याची शक्यता वाढते. वाचणाऱ्याला काही खटकत नाही. पुढच्या टोकनला मागचं टोकन बदललेलं असतं, म्हणून वाटणीही नवी.

तपासणाऱ्याला मॉडेल लागत नाही. किल्ली असली की पुरे. प्रत्येक जोडी घ्यायची आणि दुसरं टोकन हिरवं होतं की लाल ते मोजायचं. माणसाला वाटणी माहीत नाही, म्हणून त्याच्या लिखाणात हिरवे निम्म्याच्या आसपास येतात. २०० टोकनांत १००, थोडे इकडेतिकडे. हे इकडेतिकडे किती ते नाणेफेकीच्या गणिताने निघतं, २०० साठी सुमारे ७. यंत्राच्या मजकुरात समजा १५० हिरवे आले. म्हणजे अपेक्षेपेक्षा ५० जास्त, सातपट लांब. इतकी नशिबाची साथ माणसाला मिळत नाही. ही 'किती पट लांब' तीच संख्या खाली z म्हणून काढलीय.

```python
from math import sqrt
def z(hirave, ekun, g=0.5):
    return (hirave - g*ekun) / sqrt(ekun*g*(1-g))

print(z(150, 200))   # 7.07
print(z(19, 25))     # 2.6
```

साधारण z ४ च्या वर गेला तर 'खूण आहे' म्हणायचं. गणिताप्रमाणे लाखात तीनेक माणसं चुकून अडकतील. ९ टक्क्यांशी तुलना करा.

---

बिनधास्त बंड्या

मग झालं की! लाखात तीन म्हणजे पक्कंच. कंपनीकडून किल्ली आणा, १४० कथा टाका, विषय संपला. रडताय कशाला?

---

सांख्य

बंड्याशेठ, तिथून पुढेच सगळी रडकथा आहे.

कोडमधली दुसरी ओळ बघा. २५ टोकनांतले १९ हिरवे, म्हणजे तीन चतुर्थांश, प्रमाण पहिल्याइतकंच. तरी z फक्त २.६. चारोळी किंवा एखादा परिच्छेद यात खूण असली तरी ती ठामपणे सांगता येत नाही. लांबी लागते.

शब्दांना पर्याय नसले तरी तेच. 'छत्रपती शिवाजी' यापुढे 'महाराज' लाल यादीत पडलं म्हणून मॉडेल दुसरं काही लिहिणार आहे का? तिथे खूण घालायला जागाच नाही. कायद्याचं कलम, पाककृतीतली मापं, कोणाचं उद्धृत, कोड, यांत असंच होतं. कथेत जागा बरी मिळते, एवढं तुमच्या बाजूने.

आता कोणी यंत्राची कथा घेऊन हाताने फिरवली. २०० टोकनांपैकी तिसरा हिस्सा, ६७, विखुरलेली बदलली. वाटेल की दोन तृतीयांश खूण शिल्लक आहे. नाही. वाटणी मागच्या टोकनवरून ठरते, त्यामुळे एक टोकन बदललं की त्याची स्वतःची जोडी मोडते आणि त्याच्या पुढच्याचीही. साधारण १३३ जोड्या गेल्या. त्यांत आता हिरवे निम्मेच येणार, ६६-६७. शिल्लक ६७ मध्ये तीन चतुर्थांश, म्हणजे ५०. एकूण ११७ च्या आसपास. z आला २.४. गेली खूण, आणि त्या माणसाने फक्त समानार्थी शब्द घातलेत.

याहून आळशी युक्ती पण आहे. मॉडेललाच सांगायचं की प्रत्येक शब्दानंतर @ टाक. ते 'आंबराईत @ सावली @ पसरली @' असं लिहितं. खूण 'सावली' आणि @ यांच्या जोडीत बसते. मग सगळे @ पुसायचे. जोड्याच उरल्या नाहीत. ओपनएआयने ऑगस्ट २०२४ मध्ये आपली वॉटरमार्कची पद्धत तयार असूनही बाहेर का आणली नाही ते सांगताना ही युक्ती, दुसऱ्या मॉडेलकडून पुन्हा लिहून घेणं आणि भाषांतर, या तिन्हींचा उल्लेख केला होता.

मोडीवाचक काका, तुमची खूण कागदात होती. पत्राची नक्कल दुसऱ्या कागदावर केली तर विलायती गिरणीचं नाव मागेच राहतं, मजकूर पुढे जातो. इथे मजकूर हाच कागद आहे, आणि शब्द बदलणं म्हणजे कागद बदलणं.

---

मोडीवाचक

आता समजलं. फक्त आमच्याकडे उलटी अडचण असते. जुना कोरा कागद मिळवून त्यावर नवा मजकूर लिहिणारे महाभाग आहेत. कागद अस्सल, पत्र बनावट.

---

सांख्य

काका, तुम्ही नकळत त्या क्षेत्रातल्या सगळ्यांत वाईट गोष्टीवर बोट ठेवलंत. एखाद्या मॉडेलला पुष्कळ प्रश्न विचारायचे, उत्तरं गोळा करायची आणि कुठल्या शब्दामागे कुठला शब्द नेहमीपेक्षा जास्त येतो ते मोजायचं. किल्ली कळली नाही तरी हिरव्या यादीचा अंदाज येतो. झुरिकच्या ईटीएचमधल्या गटाने २०२४ मध्ये हे ५० डॉलरच्या आत करून दाखवलं. त्या अंदाजाने खूण पुसता येते, आणि आपण लिहवलेल्या मजकुराला दुसऱ्या कंपनीची खूण चिकटवताही येते. म्हणजे कोणी घाणेरडं पत्रक लिहून त्यावर भलत्याच कंपनीचा 'छाप' मारू शकतो. तेव्हा तो लाखात तीनचा हिशेब कामाचा राहत नाही, कारण तो नशिबाने झालेली चूक मोजतो, मुद्दाम केलेली नाही.

---

रावपाटील

मी कारखान्याचा माणूस, मला एवढंच कळतं की ज्याला फसवायचंय तो खूण घालणारं मॉडेल वापरेलच कशाला? माझ्या पुतण्याच्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालणारं मॉडेल आहे. त्यात कोण कंपनी खूण घालणार?

आणि किल्लीचं काय? ती कंपनीकडे. आपण मजकूर पाठवायचा आणि ते सांगतील तो निकाल. उद्या त्यांचं काही लपवायचं असेल तर?

---

हॅम्बुर्गवाली

इथे युरोपच्या एआय कायद्यात कलम ५० आहे, यंत्राने बनवलेल्या मजकुरावर यंत्राला वाचता येईल अशी खूण हवी म्हणून. मग सगळ्यांना घालावीच लागेल ना?

---

सांख्य

रावपाटील, किल्ली उघड केली तर पुसणाऱ्याचं आणि बनावट छाप मारणाऱ्याचं फावतं, लपवली तर तुम्ही म्हणता तसा भरवशाचा प्रश्न. किल्ली उघड ठेवूनही बनावट छाप मारता येणार नाही अशा योजना कागदावर आहेत, पण पुसण्यापुढे त्या जास्तच नाजूक आहेत.

हॅम्बुर्गवाली, कायदा कंपन्यांना बांधेल. मोकळं मॉडेल उतरवून घेऊन खूण घालणाऱ्या चार ओळी काढून टाकणाऱ्याला कसा बांधणार, ते मला दिसत नाही. पण तुमच्या मुद्द्यात दम आहे. बहुतेक लोक आळशी असतात, नक्कल करतात आणि चिकटवतात. त्यांच्यापुरती खूण टिकते. गूगलने ऑक्टोबर २०२४ मध्ये नेचरमध्ये सिंथआयडी या आपल्या वॉटरमार्क पद्धतीचा प्रबंध दिला. जेमिनीच्या सुमारे २ कोटी उत्तरांवर त्यांनी ती प्रत्यक्ष वापरून पाहिली आणि वाचणाऱ्यांना दर्जात फरक जाणवला नाही. म्हणजे खूण घालणं हा आता प्रयोगशाळेतला खेळ राहिलेला नाही. 'सापडली' याला थोडा अर्थ आहे. 'सापडली नाही' याला काहीच नाही.

---

बाराखडी

मघाच्या फजितीनंतर विचारायला लाज वाटते, पण मराठीत हे हिरवं-लाल तसंच चालतं का? टोकन म्हणजे शब्द, तर आपले शब्द प्रत्ययांनी केवढे लांब होतात.

---

सांख्य

लाज कसली, हाच प्रश्न विचारायला हवा होता. उत्तर जरा वाकडं आहे.

मेरीलँडच्या प्रयोगात मेटाचं ओपीटी मॉडेल होतं. त्याचा टोकन पाडणारा भाग इंग्रजीवर बेतलेला, बाइटपासून सुरू होणारा. देवनागरीचं प्रत्येक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात:

```
क  E0 A4 95
त  E0 A4 A4
र  E0 A4 B0
ा  E0 A4 BE
ी  E0 A5 80
```

अशा पद्धतीत मराठी शब्द शब्द म्हणून दिसतच नाही, अक्षराचे तुकडे दिसतात. पहिले दोन बाइट जवळजवळ ठरलेले. तिथे मॉडेलला निवड कसली? मराठी लिहायचं तर E0 A4 किंवा E0 A5 यावंच लागतं. 'शिवाजी'नंतरच्या 'महाराज'सारखी सक्ती, तीही प्रत्येक अक्षरात. २०० टोकनं मोजली तर खूण घालायला मोकळी जागा त्याच्या निम्मी असेल-नसेल.

आता खरी मेख. वाटणी मागच्या टोकनवरून होते. मागचं टोकन सतत 'E0 A4' हेच असेल तर वाटणी दर वेळी तीच. समजा एखाद्या किल्लीने त्या वाटणीत र, त, क आणि काना हे चारही हिरवे निघाले. ही अक्षरं मराठीत पावलोपावली येतात. मग माणसाने लिहिलेली कुठलीही मराठी कथा हिरवीगार दिसणार! z दहाच्या वर जाईल आणि तपासणारा छातीठोकपणे सांगेल की लाखात एकही चूक नाही. दुसऱ्या किल्लीने तीच चार लाल निघाली तर यंत्राचा मजकूर सुटणार. नाणेफेकीचं गणित प्रत्येक फेक वेगळी मानतं, इथे एकच फेक पाचशे वेळा मोजली जाते.

हा दोष इंग्रजीतही थोडा आहे, पुनरुक्ती असली की खोटे आळ गणितापेक्षा जास्त येतात. उपाय माहीत आहे: एकच जोडी पुन्हा आली तर मोजायची नाही. पण बाइटांच्या मराठीत तो लावला तर 'E0 A4'नंतर येऊ शकणारे बाइटच ६४. हजार शब्दांच्या कथेतून मोजायला उरतात मूठभर वेगळ्या जोड्या. रोग बरा होतो आणि रोग्याची ताकदही जाते. मागची चार-पाच टोकनं एकत्र घेऊन वाटणी केली तर पुनरुक्ती कमी होते, पण मग एक टोकन बदललं की दोनऐवजी पाच-सहा जोड्या मोडतात.

नव्या मॉडेल्समध्ये देवनागरीचे मोठे तुकडे असतात, त्यामुळे हे चित्र बरंच सौम्य होतं. म्हणून 'मराठीत चालतं का' याला एक उत्तर नाही. कुठलं मॉडेल, कुठला टोकनायझर, हे आधी विचारावं लागतं.

आणि आपल्याकडचा रोजचा प्रकार: कथा इंग्रजीत लिहून घ्यायची आणि भाषांतराच्या साधनातून मराठी करायची. इंग्रजी टोकनांतली खूण मराठीत येणार कुठून? एकही जोडी शिल्लक नसते.

---

खडूस परीक्षक

भाषांतर मात्र मी ओळखतो! 'दिवसाच्या शेवटी' असं लिहिलेलं दिसलं की लाल पेन बाहेर.

---

बिनधास्त बंड्या

सर, ते आजकाल वर्तमानपत्रंही लिहितात. 😀

---

ओवीकर

सगळ्यांचे आभार, रात्री सगळं दोनदा वाचलं. काल बाईंना फोन केला. कसं विचारावं तेच कळेना, म्हणून सरळ सांगितलं की अशी यादी आलीय. बाई हसल्या. म्हणाल्या, "अगं, मी वहीत लिहिते. नातवाने टाइप केलं आणि शुद्धलेखन त्या कशावर तरी टाकून नीट करून घेतलं. मला दाखवलं तेव्हा दोन-चार वाक्यं माझी नव्हती, पण बरी वाटली म्हणून राहू दिली."

आता सांगा. ८७ हा आकडा त्या दुरुस्तीचा, की बाईंच्या नेटक्या शाळामास्तरी मराठीचा? आणि कथा कोणाची म्हणायची?

---

सांख्य

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या साधनातून निघणारच नाही. नातवाने वापरलेल्या मॉडेलने खूण घातली असती तरी दुरुस्त केलेल्या मजकुरात ती फिकट असती, कारण बहुतेक शब्द बाईंचेच होते, तिथे मॉडेलने निवड केलीच नव्हती. दुसरा प्रश्न माझ्या विषयाचा नाही.

---

खडूस परीक्षक

माझ्या विषयाचा आहे. 'माझी नव्हती' असं लेखिकाच म्हणते, मग ती दोन-चार वाक्यं काढून मूळ प्रत द्या. माझं मत बदललेलं नाही, पण १७ ची यादी मी सहीनिशी देणार नाही.

---

रावपाटील

मग आमच्या गावाकडचं मुद्रितशोधन करणारे मास्तर? ते तर अख्खा परिच्छेद बदलायचे आणि लेखक पेढे द्यायचा.

---

ओवीकर

यादी परत केली. सतराही जणांना एकच पत्र जाईल: पहिला खर्डा, वही किंवा फाईलच्या जुन्या आवृत्त्या, जे असेल ते पाठवा. शुद्धलेखनाच्या मदतीबद्दल नियमात काय लिहायचं यावर परीक्षकांत अजून जुंपलेली आहे. बाईंची वही नातू उद्या एसटीने पाठवतोय.

---

मोडीवाचक

वही आली की मला बोलवा. शाई बघतो.